फळ्यावरचे दहा दिवस

दहा दिवसांचा उत्सव म्हणतात खरे, पण भाद्रपद शुद्ध चतुर्थी ते चतुर्दशी मोजली तर तिथी भरतात अकरा. 2023 साली 19 ते 28 सप्टेंबर असे दहाच दिवस मिळाले. 2024 मध्ये 7 ते 17 सप्टेंबर, म्हणजे अकरा. मंडळाच्या फळ्यावर रकाने आखणाऱ्याला आधी पंचांग उघडावे लागते ते यासाठी.

2025 ची आमच्या चाळीची पत्रिका समोर आहे. 27 ऑगस्टला, बुधवारी, प्रतिष्ठापना. 6 सप्टेंबरला, शनिवारी, विसर्जन. गौरी रविवारी 31 तारखेला आल्या, सोमवारी जेवल्या, मंगळवारी गेल्या. या तीन दिवसांत बायकांना घरातून मान वर करायला सवड नसते, म्हणून पाककला स्पर्धा मुकाट्याने बुधवारवर ढकलली. मुलांच्या चित्रकलेला रविवार सकाळ हवीच होती, आणि मधला रविवार एकच.

खरी ओढाताण संध्याकाळच्या आरतीची. आठची ठेवली की चार आरत्या, मंत्रपुष्पांजली आणि प्रसाद उरकेपर्यंत पावणेनऊ होतात. माइक जुळवून पडदा वर जातो नवाला आणि नियमाप्रमाणे दहाला भोंगा बंद. दोन अंकी नाटक तासात कसे बसवायचे? साडेसातची करावी, तर लोकलने येणारी निम्मी चाळ तेव्हा गाडीत लोंबकळत असते. जिल्हाधिकारी ठरावीक दिवशी बारापर्यंत मुभा देतात. त्या तारखा कळेपर्यंत नाटकाचा रकाना आम्ही पेन्सिलीने लिहितो. बाकीच्या दिवशी भजन, नकला, फॅन्सी ड्रेस. फॅन्सी ड्रेसला वेळेचा धाक नाही, मुले आठच्या आरतीआधीच पेंगायला लागतात.

सगळ्यात शेवटी भरतो तो रात्रीच्या पहाऱ्याचा रकाना. मूर्तीजवळ कोणीतरी जागे हवे आणि समईत तेल हवे. बारा ते तीन, तीन ते सहा, प्रत्येक पाळीला दोघे. अकरा दिवसांच्या मधल्या रात्री दहा, म्हणजे पाळ्या भरायच्या माणसांच्या हिशेबाने चाळीस. पोरे चौदा, प्रत्येकी तीन धरल्या तर दोन उरतात, म्हणजे कागदावर चोख. पण शुक्रवार-शनिवारच्या रात्रींवर उड्या पडतात आणि सोमवार ते गुरुवारची तीन ते सहा ओस पडते. सकाळी सहाला सुटून साडेआठला कामावर कोण पोचणार?

म्हणून आता चिठ्ठ्या टाकत नाही. पहिली पाळी नोकरदारांना, दुसरी कॉलेजच्या पोरांना आणि निवृत्त काकांना; काका तसेही चारला उठलेलेच असतात. विसर्जनाच्या आदल्या रात्री मात्र हातगाडी ओढणाऱ्यांपैकी एकालाही बसवायचे नाही. एका वर्षी ती चूक आमच्याकडून झाली होती. दुपारी तीनला मिरवणूक निघायची वेळ झाली, गाडी फुलांनी सजून उभी, ताशा तापलेला, आणि दांडी धरणारे दोघे मांडवामागे सतरंजीवर आडवे.


यंदा त्या रात्रीच्या रकान्यात काकांच्या दोन जोड्या आहेत.