पेढा किती दिवसांचा?

गणपतीच्या दिवसांत, दिवाळीत किंवा दहावी-बारावीच्या निकालानंतर घरात पेढ्या-बर्फीचे चार-पाच पुडे सहज जमतात. दोन संपतात, बाकीचे ओट्यावर किंवा देव्हाऱ्याजवळ राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी पुडा उघडतो, वास घेतो, कोपरा चाखतो आणि ‘चांगला आहे की’ म्हणून सगळ्यांना वाटतो. दुधाच्या मिठाईबाबत नेमकी हीच परीक्षा फसवी ठरू शकते.

मिठाई खराब होते ती दोन वेगळ्या प्रकारांनी. एक दिसणारा प्रकार : पांढरी-हिरवी बुरशी धरणे, आंबूस किंवा खवट वास येणे, पृष्ठभाग चिकट होणे. अशी मिठाई कोणी खात नाही, म्हणून तिचा धोका त्या मानाने कमी. दुसरा प्रकार न दिसणारा. त्याला मुख्यतः स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू कारणीभूत असतो. हा जंतू अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो, बोटावरच्या पिकलेल्या फोडात तर भरपूर असतो. तो अन्नात वाढला की एक विष तयार करतो. या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. आणखी वाईट म्हणजे ते उष्णतेला दाद देत नाही. मिठाई पुन्हा गरम केली तर जंतू मरतात, विष मात्र शिल्लक राहते.

खवा आटवताना दूध बराच वेळ उकळते, मग हा जंतू येतो कुठून? तो नंतर येतो. खवा आणि साखर एकत्र परतून मिश्रण कोमट झाले की पेढे हाताने वळले जातात, बर्फी ताटात थापून कापली जाते. त्यावर पिस्त्याचे काप लावले जातात, मिठाई हातानेच पुड्यात भरली जाते. यानंतर ती पुन्हा आचेवर जात नाही. त्यामुळे हातातून जे काही आले, ते मिठाईतच राहते.

आलेला जंतू वाढेल की नाही, हे मुख्यतः पाण्यावर ठरते. जंतूंना वाढायला मोकळे पाणी लागते. साखर पाण्याला धरून ठेवते आणि परतल्याने पाणी उडून जाते. म्हणून भरपूर परतलेला, कोरडा, घट्ट कंदी पेढा मऊसूत मलई पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. ओलसर, दाणेदार कलाकंद त्याहून लवकर खराब होतो. रबडी-रसमलईत तर पाणीच पाणी असते. मात्र इतर बऱ्याच जंतूंना परवडत नाही इतक्या कमी पाण्यात स्टॅफिलोकॉकस वाढू शकतो. म्हणूनच ‘साखर आहे, काही होत नाही’ ही समजूत मऊ पेढा-बर्फीला लागू पडत नाही.

वाढीचा हिशेब साधा आहे. समजा, एका ग्रॅम बर्फीत हाताने आलेले १०० जंतू आहेत आणि दमट, उबदार हवेत ते तासाला दुप्पट होत आहेत. दहा तासांत ते एक लाखाच्या वर जातात. त्रास देण्याइतके विष तयार होते ते साधारण याच टप्प्याला किंवा त्यापुढे. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा जंतूंच्या वाढीचा मानला जातो आणि आपल्याकडचे घरातले तापमान बहुतेक वर्षभर त्याच्या मधोमध असते.

मग किती दिवस? देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत पारंपरिक मिठायांसाठी ढोबळ मुदती दिल्या आहेत. कलाकंद त्याच दिवशी संपवावा. रसगुल्ला, रसमलई, रबडी यांसारखे पदार्थ दोन दिवसांत. पेढा, बर्फी अशी खव्याची मिठाई चार दिवसांत. तूप आणि सुक्या मेव्याची मिठाई सात दिवसांत. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेजवळ ‘या तारखेपूर्वी खावे’ अशी तारीख लावणे दुकानदारांना बंधनकारक आहे. ती तारीख वाचावी, आणि नसेल तर विचारावी.

या मुदतीत एक मेख आहे. दिवस मोजायचे ते मिठाई बनल्यापासून, विकत घेतल्यापासून नव्हे. समजा, पेढे शनिवारी सकाळी बनले आणि रविवारी संध्याकाळी विकत घेतले. सोमवारी ते गाडीच्या डिकीत सहा तास प्रवास करून गावी पोचले आणि मंगळवारी दुपारी आरतीनंतर वाटले गेले. घरच्यांच्या लेखी ते दोन दिवसांपूर्वी आणलेले ताजे पेढे. प्रत्यक्षात तो चौथा दिवस, आणि त्यातले सहा तास तापलेल्या डिकीतले. वरच्या मुदती नीट साठवलेल्या मिठाईसाठी आहेत, उन्हात उभ्या गाडीसाठी नाहीत.

आता त्याच मंगळवारी दुपारी एक वाजता पेढे खाल्लेल्या पाचांपैकी तिघांना चारच्या सुमारास मळमळ, जोराच्या उलट्या आणि पोटात पेटके सुरू झाले, ताप जवळपास नाही, तर डॉक्टरांना पहिली शंका तयार विषाचीच येते. कारण वेळ. विष आधीच तयार असल्याने त्रास साधारण एक ते सहा तासांत सुरू होतो आणि बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो. साल्मोनेलासारखा जंतू पोटात जाऊन वाढतो. त्याला सहसा सहा तासांहून जास्त, कधी दोन-तीन दिवस लागतात, आणि ताप व जुलाब ठळक असतात.

विषामुळे झालेल्या त्रासावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. खरा उपचार पाणी आणि क्षार भरून काढण्याचा. ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून ते घोट-घोट द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सुरू करावे. लघवी बंद होणे, गुंगी येणे, पाणीही पोटात न टिकणे, उलटी-शौचात रक्त दिसणे, यांपैकी काहीही झाले तर रुग्णालय गाठावे. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेहाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या बाबतीत वाट पाहू नये. उरलेली मिठाई पुड्यासह फ्रीजमध्ये वेगळी ठेवावी. एकाच पुड्यातले अनेक जण आजारी पडले असतील तर अन्न व औषध प्रशासनाला तपासणीसाठी तिचाच उपयोग होतो.

फ्रीजचा उपयोग आहे, पण वेळेत ठेवले तरच. थंडीत जंतूंची वाढ मंदावते आणि हे विष तयार होणे थांबते. तीन दिवस बाहेर राहिलेली बर्फी फ्रीजमध्ये ठेवून ताजी होत नाही, तयार झालेले विष थंडीने नाहीसे होत नाही. म्हणून पुडा घरी आला की लगेच त्या दिवशी लागेल तेवढी मिठाई बाहेर ठेवावी, बाकीची घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये. झाकणावर मिठाई बनल्याची तारीख लिहावी. काढताना कोरडा चमचा वापरावा. बाहेर घेतलेली उरली तर परत त्याच डब्यात टाकू नये. एका पेढ्यावर बुरशी दिसली तर तेवढाच भाग खरवडून बाकीचा खाऊ नये, मऊ पदार्थात बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

आणि पुडा कधी बनला हे कोणालाच सांगता येत नसेल, तर तो टाकून द्यावा. वास चांगला येत असला तरी.