‘कल’ कधीचा?

मी हिंदीतून इंग्रजीत भाषांतरं करतो. त्यात एकदा इंदूरच्या एका व्यापाऱ्याचा दोन ओळींचा निरोप आला. दुसऱ्या ओळीत होतं, ‘कल से गोदाम बंद है।’ पाच शब्द, आणि मी पंधरा मिनिटं अडकून बसलो. गोदाम कालपासून बंद आहे, की उद्यापासून? इंग्रजीत एक लिहिलं तर माल निघून गेलेला, दुसरं लिहिलं तर आजच्या आज उचलता येणारा.

हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. मग कोट्यवधी लोक गोंधळ न होता बोलतात कसे? कारण बहुतेक वेळा काळ सांगण्याचं काम ‘कल’वर नसतंच, ते क्रियापद करतं. ‘कल गया था’ म्हटलं की यस्टर्डे, ‘कल जाऊँगा’ म्हटलं की टुमॉरो. ‘कल’ फक्त एवढंच सांगतो, की आजपासून एक दिवस दूर. मागे की पुढे, ते वाक्याच्या शेवटी कळतं. म्हणून हिंदी वाक्य अर्ध्यावर तोडून त्याचं इंग्रजी करायला घेतलं, की हमखास पाय घसरतो.

‘कल छुट्टी है’ यातला ‘है’ वर्तमानकाळाचा. पण होऊन गेलेल्या सुट्टीला ‘थी’ लागला असता, म्हणून ही सुट्टी उद्याची. ‘कल रात’चं इंग्रजी करताना आणखी एक अडचण. भूतकाळ असेल तर इंग्रज ‘यस्टर्डे नाइट’ सहसा म्हणत नाही, ‘लास्ट नाइट’ म्हणतो; भविष्यकाळ असेल तर मात्र सरळ ‘टुमॉरो नाइट’.

पण क्रियापदावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. ‘वो कल आया तो मैं बता दूँगा’ यात ‘आया’ हे रूप भूतकाळाचं दिसतं. नवखा भाषांतरकार लगेच ‘यस्टर्डे’ लिहून मोकळा होतो. खरं तर तो माणूस अजून आलेलाच नाही. ‘तो’मुळे ती अट झाली आणि ‘दूँगा’ने ती उद्यावर नेऊन ठेवली. मराठी माणसाला हे लगेच उमगायला हवं, कारण आपणही ‘उद्या तो आला तर सांगेन’ असंच म्हणतो.

‘उसे कल आना था’ हे वाक्य तर खरोखरच दोन्हीकडे झुकतं. तो काल यायचा होता, आला नाही, हा एक अर्थ. उद्याचं तिकीट काढलं होतं, आता बेत रद्द झाला, हा दुसरा. ‘था’ इथे येण्याचा काळ सांगत नाही, ठरल्याचा सांगतो. आधीचं-नंतरचं वाक्य हाताशी नसेल तर इंग्रजी करूच नये, असं माझं मत आहे.

कधी दोन्ही इंग्रजी शब्द चुकीचे ठरतात. कथेत येतं, ‘उसने कहा कि मैं कल आऊँगा।’ हिंदी लेखक बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजी निवेदनात ते बदलून ‘द नेक्स्ट डे’ करावं लागतं. ‘टुमॉरो’ ठेवलं, तर तो वाचकाच्या उद्या येणार असं वाटू लागतं.

हा शब्द आला कुठून? संस्कृतात ‘कल्य’ म्हणजे पहाट. प्राकृतात त्याचं ‘कल्ल’ झालं, आणि तिथेच तो मागच्या व पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी वापरात आला. आपला ‘काल’ त्याच घराण्यातला. वेळ या अर्थाचा ‘काळ’ निराळा. मराठीने ‘काल’ला मागे ठेवलं आणि पुढच्या दिवसासाठी ‘उद्या’ घेतला. गुजरातीत गोंधळ टाळायचा असला की ‘गईकाले’ आणि ‘आवतीकाले’ म्हणतात. हिंदीतही गरज पडली तर ‘बीता हुआ कल’ आणि ‘आने वाला कल’ आहेतच, पण रोजच्या बोलण्यात एवढं लांबवायला कुणाला सवड नसते.

आणि हिंदीला हसण्याआधी आपला ‘परवा’ आठवा. ‘परवा भेटला होता’ आणि ‘परवा भेटू’. एखाद्या परदेशी विद्यार्थ्याने यावरून आपल्याला गाठलं, तर आपणही क्रियापदाकडेच बोट दाखवणार.

आता ते गोदाम. ‘है’ने तिथे काहीच सुटत नव्हतं. चालू स्थिती सांगायची तरी ‘है’, आणि ठरलेली गोष्ट सांगायची तरी ‘है’. व्यापाऱ्याने ‘बंद रहेगा’ किंवा ‘बंद पड़ा है’ लिहिलं असतं, तर प्रश्नच उरला नसता. शेवटी मी त्याला फोन लावला. तो गोदामातच उभा होता, माल चढवणं चालू होतं, आणि कुलूप दुसऱ्या दिवशी सकाळपासून लागणार होतं.