गाठ सोयाबीनच्या मुळांशी

जूनच्या पहिल्या पावसानंतर विदर्भ-मराठवाड्यात कृषी केंद्रांतून रायझोबियमची पाकिटे विकली जातात. अडीचशे ग्रॅमची काळी भुकटी, दहा किलो बियाण्याला एक पाकीट. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. म्हणजे पाकिटात 1250 कोटी. दहा किलोत साधारण 83 हजार दाणे धरले, तर एका दाण्याच्या वाट्याला दीड लाख येतात. सोयाबीनच्या दाण्याला लाखभर जिवाणू पुरे मानतात, त्यामुळे हिशेब कागदावर चोख बसतो.

मात्र तो जिवंत जिवाणूंचा हिशेब आहे. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या पाकिटातले शंभरातले नव्याण्णव मेले, तर दाण्यामागे दीड हजार उरतात. भुकटी तशीच काळी दिसते, वासही बदलत नाही. पाकिटावरची तारीख बघावी हे खरेच, पण ते कुठल्या उन्हात पडून होते हे तारीख सांगत नाही. बीजप्रक्रियेतही क्रम चुकला की तेच होते. बुरशीनाशक आधी लावायचे, ते वाळल्यावर शेवटी गुळाच्या पाण्यात कालवलेले जिवाणू चोळायचे, बियाणे सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे.

दाण्यावरचे जिवाणू टिकले, तर पुढचे काम झाड आणि जिवाणू मिळून करतात. मुळातून काही विशिष्ट रसायने पाझरतात, जिवाणू त्यांना उत्तर देणारा रेणू सोडतो, मुळाचा केस वाकतो आणि जिवाणू आत शिरतो. मग गाठ तयार होते. हवेतला नत्र फोडणाऱ्या विकराला प्राणवायू सोसत नाही, पण जिवाणूला श्वासासाठी तो लागतो. हा पेच आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा वनस्पतीतला भाऊबंद, लेगहिमोग्लोबिन, सोडवतो: प्राणवायू धरून ठेवायचा आणि बेताबेताने पोचवायचा. त्याच्याच रंगामुळे चालू गाठ आतून गुलाबी दिसते.

म्हणूनच या खताची परीक्षा शेतकऱ्याला स्वतः करता येते. पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी झाड उपटू नये, गाठी मातीतच तुटून राहतात. फावड्याने मातीसकट काढून पाण्यात धुवावे आणि गाठ नखाने चिरावी. गुलाबी म्हणजे काम चालू. पांढरट किंवा राखाडी गाठी ढीगभर असल्या तरी त्यांचा उपयोग नाही. जागाही बोलकी असते: सोटमुळाच्या वरच्या भागात गुच्छ दिसला, तर तो बहुधा बियाण्यावरच्या जिवाणूंचा. आडव्या, लांबच्या मुळांवर विखुरलेल्या गाठी बऱ्याचदा जमिनीत आधीपासून असलेल्यांच्या.

हे आधीपासून असलेले जिवाणू हीच या खताची खरी मर्यादा. सोयाबीन देशात नवे होते, तेव्हा त्याच्याशी जमणारे जिवाणू बहुतेक जमिनींत नव्हतेच, म्हणून पाकिटाचा फरक डोळ्यांना दिसे. वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या रानात आता त्यांची वस्ती आहे. जुन्या भाडेकरूंसारखे ते जागा सोडत नाहीत आणि नव्यांना गाठीत शिरू देत नाहीत. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम पट्ट्यात सोयाबीनच्या जुन्या शेतांवर झालेल्या बहुतेक चाचण्यांत उत्पादनात लक्षणीय वाढ आढळली नाही. नवे रान किंवा बऱ्याच वर्षांनी सोयाबीन असेल, तर पाकीट आपली किंमत फेडते. एरवी तो स्वस्त विमा. आणि वर युरियाचा भरघोस हप्ता टाकला, तर झाड गाठी धरायचेच टाळते, कारण आयता नत्र असताना जिवाणूंना साखर देऊन पोसण्याची त्याला गरज नसते.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे, म्हणजे पीएसबीचे, प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. प्रयोगशाळेत ताटलीतल्या दुधट माध्यमात कॅल्शियम फॉस्फेट असते. जिवाणू ग्लुकोनिकसारखी आम्ले सोडतो आणि वसाहतीभोवती पारदर्शक कडे पडते. जाहिरातीतला फोटो बहुधा याचाच. ताटलीत मात्र भरपूर साखर असते आणि आम्ल शोषून घेणारी माती नसते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत तेच आम्ल चुना खाऊन टाकतो, आणि सुटलेला स्फुरद पुन्हा कॅल्शियमशी बांधला जायला वेळ लागत नाही. सोव्हिएत संघात बॅसिलस मेगाटेरियमपासून केलेले ‘फॉस्फोबॅक्टेरिन’ मोठ्या क्षेत्रावर वापरले गेले. अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते स्वतःच्या देशात तपासले, तेव्हा तसा फायदा दिसला नाही.

काही चाचण्यांत पीएसबीने पीक सुधारलेले दिसते, पण त्याचे श्रेय अनेकदा मुळे वाढवणाऱ्या संप्रेरकांना जाते. त्यावरून ‘स्फुरद खत इतके टक्के कमी करा’ म्हणणे घाईचे ठरते. हेक्टरी वीस क्विंटल सोयाबीन विकले, तर दाण्यांतून सुमारे 12 किलो स्फुरद, मूलद्रव्य म्हणून मोजलेला, शेताबाहेर जातो. रायझोबियम हवेतून नत्राची खरी भर घालतो. पीएसबी फक्त जमिनीतला साठा मोकळा करतो, नवा आणत नाही. त्यामुळे खत कमी करण्याआधी माती परीक्षणात स्फुरद किती आहे ते पाहावे आणि चार तासांचा एक पट्टा बाकी सगळे सारखे ठेवून पीएसबीविना पेरावा. दोन्हींकडचा माल वेगळा मळून तोलला, की आपल्या रानापुरते उत्तर मिळते. एका हंगामात फरक थोडाच दिसला, तर पुढच्या हंगामात दुसऱ्या जागी पुन्हा.