परदेशातलं खातं, विवरणपत्रात सुटलेलं

नऊ हजार डॉलर न्यू जर्सीतल्या बँकेत आणि कंपनीकडून मिळालेले पंचेचाळीस हजार डॉलरचे शेअर ब्रोकरकडे. एक अभियंता जून 2022 मध्ये हे सगळं तिथेच ठेवून, चौदा वर्षांनी पुण्याला परतला, असं समजू. तसं ठेवण्यात गैर काही नाही. अनिवासी असताना कमावलेली मालमत्ता परतल्यावरही बाळगायला फेमा कायदा परवानगी देतो. घोटाळा झाला तो सप्टेंबर 2025 मध्ये. फॉर्म 16 हाताशी होता, म्हणून त्याने सरळ आयटीआर-1 भरून टाकला. परदेशी मालमत्ता असलेल्याला तो फॉर्म चालतच नाही.

प्राप्तिकर खात्याचा मेसेज आला, की माणूस आधी घाबरतो आणि मागची सगळी वर्षं उकरू लागतो. त्याआधी दिवस मोजावेत. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलेला, किंवा मागच्या सात वर्षांत 729 किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिलेला निवासी ‘सामान्य निवासी’ ठरत नाही आणि त्याला परदेशी मालमत्तेचा तक्ता, म्हणजे शेड्यूल एफए, भरावा लागत नाही. आपल्या अभियंत्याची पहिली दोन वर्षं अशी सुटतात. 2024-25 मध्ये मात्र सुट्टीतल्या फेऱ्या धरून दिवस 729 च्या वर गेले. म्हणजे चूक एकाच वर्षाची आहे.

त्या वर्षाचं विवरणपत्र 31 डिसेंबर 2025 पर्यंत सुधारता येत होतं, आणि ही तारीख फार मोलाची होती. परदेशी मालमत्ता लपवल्यास काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून सगळं मिळून वीस लाखांच्या आत असेल तर तो दंड लागत नाही, पण इथे रक्कम दुपटीहून जास्त आहे. दंडाचं कलम मूळ, उशिराचं आणि सुधारित विवरणपत्र बघतं. नंतर भरायच्या अद्ययावत विवरणपत्राचं, म्हणजे आयटीआर-यूचं, नाव त्यात नाही. त्यामुळे डिसेंबर हुकला तर जादा कर भरूनही दंडाची टांगती तलवार राहते. ‘पुढच्या वर्षी गुपचूप दाखवू’ हा सल्ला तर सर्वांत वाईट, कारण खातं उघडल्याची तारीख तक्त्यातच लिहावी लागते.

तेव्हा आयटीआर-2 मध्ये सुधारित विवरणपत्र. यात एक गोम आहे. शेड्यूल एफए कॅलेंडर वर्षाचं, इथे जानेवारी ते डिसेंबर 2024 चं. लाभांश आणि व्याजाचं उत्पन्न मात्र एप्रिल 2024 ते मार्च 2025 चं. ब्रोकरचं वर्षाचं स्टेटमेंट जसंच्या तसं उतरवलं, तर जानेवारी ते मार्च 2025 चा लाभांश पुन्हा सुटतो. खात्यातली वर्षभरातली सर्वोच्च शिल्लकही लागते, रुपयांत, स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने. अमेरिकेत लाभांशावर कापलेल्या कराची वजावट हवी असेल तर फॉर्म 67 भरावा लागतो, आणि उरलेला कर व्याजासह विवरणपत्राच्या आधी.