फोटोतले पाखरू: जंगली कबूतर, पाळीव कबूतर की होला?

गावातल्या पक्ष्यांचे फोटो मुले मोबाइलवर भरपूर काढतात आणि त्यातले निम्मे कबुतरांचेच असतात. घरात मात्र सगळ्यांनाच ‘कबूतर’ म्हटले जाते. फोटो नीट पाहिला तर त्यात तीन वेगळ्या प्रकारची पाखरे सापडतात: इमारतींवर मोकळी राहणारी कबुतरे, कोणाच्या तरी खुराड्यातली पाळीव कबुतरे आणि होले, म्हणजे उर्दूतली फाख्ता.

आधी चोच आणि शेपूट पाहावी. कबुतराचे अंग जाड, शेपूट आखूड आणि चोचीच्या मुळाशी फुगीर पांढरा ठिपका असतो. होल्याचे अंग सडपातळ, शेपूट लांब, चोच बारीक असते आणि तो ठिपका दिसत नाही. होला ठरला की मग मान पाहावी. मानेच्या मागच्या बाजूला काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके असतील तर तो ठिपकेदार होला. फिकट राखाडी अंगावर मानेमागे एकच बारीक काळी कड असेल तर कंठवाला होला. आणि गळ्यासमोर तांबूस-काळी ठिपक्यांची नक्षी असेल तर छोटा तपकिरी होला. पिल्लांत या खुणा अजून उमटलेल्या नसतात, म्हणून शेजारी बसलेला मोठा पक्षी पाहून ठरवावे.

आपल्याकडच्या साध्या कबुतराचे अंग राखाडी, मान हिरवी-जांभळी चमकणारी, पंखावर दोन काळे पट्टे आणि शेपटीच्या टोकाला काळी किनार असते. युरोपातल्या पुस्तकांतील चित्रात त्याची कंबर पांढरी दाखवलेली असते, तर आपल्याकडे ती बहुधा राखाडीच असते. चित्राशी जुळत नाही म्हणून मुले त्याला भलतेच नाव देतात. पिढ्यान्‌पिढ्या पाळीव कबुतरे सुटून यांच्यात मिसळत आल्यामुळे थव्यात चौकटीदार पंखांची, विटकरी, काळी, पांढरी अशी सगळीच दिसतात. त्यामुळे केवळ रंगावरून ‘हे पाळीव’ असे म्हणता येत नाही.

पाळीव जातींची ठेवण मात्र वेगळी असते. साध्या कबुतराच्या शेपटीत 12 पिसे असतात. लक्क्याच्या शेपटीत तीसहून अधिक, ती पंख्यासारखी उभी राहते आणि मान मागे झुकलेली असते. शिराजीची पाठ आणि पंख रंगीत, छाती व पोट पांढरे आणि पायांवर पिसांचे मोजे असतात.

एका विद्यार्थिनीने मशिदीच्या हौदाच्या कठड्यावर दाणे टिपणाऱ्या आठ पाखरांचा फोटो दाखवला. तिने सातांना ‘कबूतर’ आणि पांढऱ्याला ‘होला’ असे लिहिले होते. चार राखाडी, पट्टेवाली, एक चौकटीदार. सहावे काळे दिसत होते. सूर्य समोर असला की कोणतेही पाखरू काळे दिसते, पण त्याच उजेडात शेजाऱ्यांचे रंग स्पष्ट होते, म्हणजे ते खरेच काळे. सातवे कडेला, लांब शेपटीचे, गळ्यासमोर ठिपके असलेले. होला तोच होता. आठवे पांढरे, पण चोचीच्या मुळाशी फुगवटा, अंग जाड, शेपूट आखूड. म्हणजे कबूतरच. त्याच्या पायात कडी दिसत होती.

पिल्लू साधारण आठवड्याचे असताना पायात घातलेली बंद कडी मोठेपणी घालता येत नाही. म्हणून ती दिसली की पाखराचा जन्म माणसाच्या हाताखाली झाला, हे नक्की. तिच्यावर सहसा साल आणि क्रमांक असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही अक्षरे पुसट होतात. मूळ फोटो मागवून मोठा केला, तेव्हा अंक वाचता आले. मोहल्ल्यातल्या कबूतरबाजांना ते दाखवल्यावर मालक सापडला.

कडी नसली म्हणजे पाखरू बेवारस, असे नाही. कडी न घालता पाळणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा जातीची ठेवण पाहावी. रस्त्यावरचे साधे कबूतर स्वतःची सोय लावते. पण लक्का रस्त्यावर दिसला, तर शेपटीच्या ओझ्यामुळे तो नीट उडू शकत नाही आणि मांजराच्या तावडीत सहज सापडतो. त्याला पाणी-दाणा देऊन सुरक्षित ठेवावे आणि आसपास विचारणा करावी. ती दुसऱ्याची अमानत आहे.

मुलांना फोटो काढायला सांगताना एवढे सांगावे: एक फोटो बाजूने, ज्यात चोच, मान व शेपूट दिसेल आणि एक पायांचा.