सगळं खोटं वाटू लागतं तेव्हा

पॅनिक अटॅक येऊन गेलेल्या माणसाला काय झालं म्हणून विचारलं, तर धडधड, घाम, श्वास कोंडणं हे तो लगेच सांगतो. एक गोष्ट मात्र बरेच जण गाळतात. आजूबाजूचं सगळं एकाएकी खोटं, परकं वाटायला लागलं होतं, हे सांगितलं तर लोक वेडा म्हणतील अशी त्यांना धास्ती असते. या अनुभवाला मानसोपचारात डीरियलायझेशन म्हणतात. पॅनिक अटॅकच्या 13 लक्षणांची जी यादी डॉक्टर वापरतात, तिच्यात धडधडीच्या बरोबरीने याचीही नोंद आहे. म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने ही नेहमीची तक्रार आहे. लपवल्यामुळेच ती जास्त छळते.

हे नेमकं कसं घडतं ते पाहू. अनेकांच्या अनुभवांवरून जुळवलेलं एक उदाहरण घेऊ. तेवीस वर्षांची स्नेहा. परीक्षा आठवड्यावर आलेली, चार रात्री धड झोप नाही. संध्याकाळी दादरच्या पुलावर गर्दीत अडकली असताना तिची छाती धडधडायला लागते. हवा पुरत नाही असं वाटून ती मोठमोठे श्वास घेऊ लागते. दोन-तीन मिनिटांत ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग पुलावरचे दिवे डोळ्यांत घुसायला लागतात. माणसं सपाट, पडद्यावर हलणाऱ्या चित्रांसारखी दिसतात. ती घाबरून आईला फोन लावते. आवाज आईचाच आहे हे तिला कळतं, पण तो कुठूनतरी लांबून, कुणा परक्या बाईचा आल्यासारखा वाटतो. त्या क्षणी तिच्या मनात येतं, आपल्याला वेड लागतंय.

यातला पहिला भाग श्वासाचा आहे. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या या वायूच्या प्रमाणावर फार बारीक लक्ष ठेवून असतात. ते घटलं की त्या आकसतात आणि मेंदूकडचा रक्तप्रवाह काही काळ कमी होतो. गरगरणं, धूसर दिसणं, आवाज लांब गेल्यासारखे वाटणं यामागे हे मोठं कारण आहे. रक्तात ऑक्सिजन मात्र भरपूर असतो. म्हणजे स्नेहाला जीव गुदमरल्यासारखा वाटतो तेव्हा तिचा श्वास खरं तर जास्त झालेला असतो. शेजारचा माणूस कळवळून ‘मोठा श्वास घे’ म्हणतो तेव्हा त्रास वाढतो, तो यामुळेच. त्यात ॲड्रेनलिनमुळे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, म्हणून रोजचेच दिवे प्रखर भासतात.

दुसरा भाग भावनेचा. आपण जे पाहतो-ऐकतो त्याला भावनेचा एक पातळ रंग असतो. आईच्या आवाजात शब्दांबरोबर माया ऐकू येते, घरची गल्ली दिसली की ओळखीची ऊब वाटते. मॉरिसिओ सिएरा आणि हर्मान बेरिओस यांनी 1998 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, भीती एका मर्यादेपलीकडे गेली की मेंदूचा पुढचा भाग भावना जागवणाऱ्या केंद्रांना आवरतो. त्यामुळे भीतीबरोबर तो ओळखीचा रंगही उतरतो. डोळे, कान, स्मरणशक्ती चोख काम करत असतात, पण दिसणाऱ्या जगातून आपलेपण गेलेलं असतं. ज्यांना हा त्रास कायमचा जडला आहे अशा लोकांना भीतिदायक चित्रं दाखवून त्वचेवरच्या घामाचं सूक्ष्म मोजमाप घेतलं, तेव्हा त्यांची शारीरिक प्रतिक्रिया इतरांपेक्षा मंद आढळली. त्यातून या सिद्धान्ताला आधार मिळाला.

मेंदूने असं का करावं? स्विस भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम यांनी आल्प्समध्ये कड्यांवरून पडून वाचलेल्या गिर्यारोहकांचे अनुभव गोळा केले आणि 1892 मध्ये छापले. पडताना भीती वाटली नाही, मन विलक्षण शांत होतं, असं त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं होतं. 1970च्या दशकात अमेरिकेत रसेल नॉइज आणि रॉय क्लेट्टी यांनी जिवावरच्या प्रसंगातून वाचलेल्यांशी बोलून पाहिलं, तेव्हा सगळं परकं, खोटं वाटल्याचं अनेकांनी सांगितलं. खरं संकट असताना भावना बाजूला सारून डोकं थंड ठेवण्याचा फायदा होत असावा. पुलावर स्नेहासमोर संकट कुठलंच नव्हतं, पण तिच्या शरीराने भीतीची तीच पातळी गाठली आणि तोच बचाव सुरू झाला.

खरी गडबड होते ती यापुढे. ‘मला वेड लागतंय’ या विचाराने नवी भीती उठते, ॲड्रेनलिन पुन्हा वाढतं, श्वास आणखी जोरात चालतो आणि परकेपणा दाट होतो. स्नेहा तळहात निरखून पाहते, स्वतःचं नाव मनात घोकते, ‘अजून तसंच वाटतंय का’ म्हणून पुन्हा पुन्हा तपासते. प्रत्येक तपासणीने लक्ष त्या विचित्रपणावरच खिळतं.

वेडाच्या भीतीला उत्तर तिच्याच वाक्यात आहे. ती म्हणते, ‘सगळं खोटं असल्यासारखं वाटतंय.’ जग खरं आहे आणि आपल्यालाच तसं भासतंय, हे तिला ठाऊक असतं. मनोविकारात वास्तवाचं भान सुटतं तेव्हा ही जाणीवच राहत नाही. जग बनावट असल्याची माणसाची खात्रीच पटलेली असते.

आता हे ओसरतं का? कारण ते ज्यावर उभं असतं ते टिकाऊ नसतं. शरीर रक्तातलं ॲड्रेनलिन काही मिनिटांत निकामी करतं. श्वास संथ झाला की कार्बन डायऑक्साइडही मिनिटांत पूर्ववत होतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. पॅनिक अटॅक बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि उतरू लागतो. परकेपणा थोडा मागे रेंगाळतो. थकवा आणि जागरण असेल तर काही तास किंचित राहू शकतो, पण नव्याने भीती घातली नाही तर विरत जातो.

म्हणून अशा वेळी नाकाने साधा श्वास घ्यावा आणि सोडताना जास्त वेळ लावावा. तोंडावर कागदी पिशवी धरू नये, ते धोक्याचं ठरू शकतं. ‘हे भीतीमुळे आहे, उतरेल’ एवढं मनाशी म्हणून हातातलं काम चालू ठेवावं, तिकीट काढावं, जिना उतरावा. घालवायची धडपड केली नाही तर ते लवकर जातं.

काही वेळा मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं. पहिल्यांदाच असं झालं असेल, छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल, डोक्याला मार लागल्यावर किंवा गांजासारख्या नशेनंतर सुरू झालं असेल, किंवा भीती नसताना तोच अनुभव काही सेकंदांपुरता वारंवार येत असेल तर तपासणी करावी. शेवटच्या प्रकारात फिट्सचा आजार असू शकतो. हा परकेपणा आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर त्याचा वेगळा उपचार लागतो. विचार आणि वागणं यांवर काम करणारी मानसोपचार पद्धत, म्हणजे सीबीटी, त्यासाठी वापरली जाते.

घरातलं कुणी ‘मला सगळं खोटं वाटतंय’ म्हणालं तर ‘काहीतरीच काय’ म्हणून उडवून लावू नका आणि घाबरूनही जाऊ नका. जवळ बसा, साध्या गोष्टी बोला, ‘हे उतरतं’ असं ठामपणे सांगा. डॉक्टर जवळ नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. तिथे हे जसंच्या तसं सांगा. ऐकणाऱ्याला ते नवं नसतं.