नावात ‘प्रायव्हेट’, कायद्यात पब्लिक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक फाउंड्री आहे असं समजा. दोघा भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, भरणा भांडवल दोन कोटी, उलाढाल दीडशे कोटी. कुणीतरी त्यांना घाबरवतं, “शंभर कोटी ओलांडलेत, आता स्वतंत्र संचालक नेमावे लागतील.”

गैरसमज इथूनच सुरू होतो. कायदा आधी कंपनीची जात विचारतो, आकार मागाहून. २०१३च्या कंपनी कायद्यात शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला एक तृतीयांश संचालक स्वतंत्र लागतात. बाजारात नसलेल्या पब्लिक कंपनीला किमान दोन, तेही भरणा भांडवल १० कोटी, उलाढाल १०० कोटी किंवा कर्ज व ठेवी मिळून ५० कोटींच्या वर, यांपैकी एक जरी लागू पडलं तरच. आकडे शेवटच्या ऑडिट झालेल्या आर्थिक पत्रकांतले धरतात. हेच निकष ऑडिट कमिटीलाही लागू आहेत. प्रायव्हेट कंपनी यात येतच नाही, उलाढाल कितीही असो.

म्हणजे भाऊ निर्धास्त? तर तसंही नाही. उद्या एखाद्या पब्लिक कंपनीनं त्यांचे ७५ टक्के शेअर घेऊन ताबा मिळवला, की पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ तसंच राहतं, पण कायदा या उपकंपनीला पब्लिक समजतो. दीडशे कोटींची उलाढाल आहेच; मग दोन स्वतंत्र संचालक आले, आणि किमान तिघांची ऑडिट कमिटी, ज्यात बहुमत स्वतंत्रांचं. गंमत म्हणजे त्याच कंपनीनं शंभर टक्के शेअर घेतले असते, तर २०१७च्या दुरुस्तीमुळे या दोन्हींतून सूट मिळाली असती! खरेदीच्या वेळी सगळे किमतीवर घासाघीस करतात. स्वतंत्र संचालकांचा प्रश्न वर्षभरानं सेक्रेटरीच्या टेबलावर उगवतो.

मग नेमायचं कुणाला? पहिलं नाव सुचतं ते ‘आपल्या सीएसाहेबांचं’. कंपनीच्या ऑडिट फर्ममध्ये मागच्या तीन आर्थिक वर्षांत भागीदार किंवा नोकर असलेला माणूस चालत नाही. भावांचा जावईही नाही. शिवाय नेमण्याआधी त्या व्यक्तीचं नाव मानेसरच्या आयआयसीए संस्थेच्या डेटाबँकेत असावं लागतं.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे, की प्रायव्हेट असलो म्हणजे सगळंच माफ. याच फाउंड्रीवर बँकांचं ६० कोटींचं कर्ज असेल, तर प्रायव्हेट असतानाही कामगारांना गैरव्यवहाराची तक्रार करता येईल अशी व्यवस्था ठेवावी लागते, कारण या सक्तीची मर्यादा बँक-कर्जाच्या ५० कोटींवर बेतलेली आहे आणि तिथे कंपनीची जात विचारत नाहीत. ऑडिट कमिटी नसेल तर संचालक मंडळ त्यासाठी एका संचालकाला नेमतं. आता दोनच भाऊ संचालक असतील, तर धाकट्याविरुद्धची तक्रार थोरल्याच्या केबिनमध्ये जाणार, हे उघड आहे.